मुंबई सर्व्हर की सिंगापूर? पिंग ३८ दाखवतो तरी गेम अडखळतो (दारव्हा तालुका)

पऱ्हाटीतला_पंटर
राम राम मंडळी. दारव्ह्यापासून आत गाव आहे. घरी ४० एमबीपीएसचं फायबर आहे, गावातल्याच केबलवाल्याकडचं. व्हॅलोरंट खेळतो. लॉबीत मुंबई सर्व्हरसमोर ३५ ते ४० पिंग दिसतो, सिंगापूरसमोर ७५ च्या आसपास. मग मुंबईच घ्यायला हवं ना? पण मुंबईवर समोरचा खेळाडू एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवतो, मी गोळी झाडतो ती लागतच नाही. सिंगापूरवर मात्र गेम गुळगुळीत चालतो. स्पीड टेस्ट केली तर ३८-३९ येतात, म्हणजे स्पीडचा प्रश्न नाही. कायमचं सिंगापूर धरावं का? आणि कमी पिंगवर वाईट, जास्त पिंगवर चांगलं, हे कसं काय?

संत्रानगरी_स्नायपर
डीएनएस बदल भावा. राऊटरमध्ये 1.1.1.1 टाक, पिंग लगेच १०-१५ नं उतरतो. माझा उतरला होता. नाहीतर गेमिंग व्हीपीएन घे.

खांबावरचा_माणूस
डीएनएसनं गेमचा पिंग उतरत नाही. नावावरून पत्ता शोधायचा एवढंच त्याचं काम. एकदा गेम सर्व्हरशी जोडला गेला की मॅच संपेपर्यंत डीएनएसला कोणी विचारत नाही. तुमचा पिंग त्या दिवशी उतरला असेल तर राऊटर रीस्टार्ट झाल्यामुळे किंवा घरातलं डाउनलोड संपल्यामुळे. व्हीपीएनचं नंतर बोलू, तो अगदीच निरुपयोगी नाही.

पंटर, लॉबीत दिसणारा ३८ हा आकडा सरासरीचा आहे. शंभर पाकिटांतली नव्वद ३० मध्ये आली आणि दहा ११० मध्ये, तरी सरासरी ३८ च येणार. गेमला त्रास त्या दहांचा होतो.

सेटिंग्जमध्ये व्हिडिओ, त्यात स्टॅट्स. तिथे Packet Loss म्हणजे हरवलेली पाकिटं आणि Network RTT Jitter म्हणजे पिंगचं वरखाली होणं, हे दोन्ही ग्राफ चालू कर आणि एक मॅच खेळ. सोबत मॅच चालू नसताना तीन वेगवेगळ्या कमांड विंडो उघड आणि या तिन्ही एकाच वेळी चालव:

```
ping -n 300 192.168.1.1
ping -n 300 dynamodb.ap-south-1.amazonaws.com
ping -n 300 dynamodb.ap-southeast-1.amazonaws.com
```

पहिला तुझा राऊटर. पत्ता वेगळा असेल तर `ipconfig` मध्ये Default Gateway समोर दिसेल. दुसरा मुंबईतला, तिसरा सिंगापूरचा. ही गेमची मशिनं नाहीत, पण शहरं तीच आहेत आणि आपल्याला वाट तपासायची आहे. सेकंदाला एक पाकीट, म्हणजे पाच मिनिटांत होईल. रात्री ज्या वेळेला त्रास होतो त्याच वेळेला कर. शेवटच्या ओळीतले Minimum, Maximum, Average आणि Lost इथे टाक.

1.1.1.1 किंवा 8.8.8.8 ला पिंग करून समाधान मानू नका. तो एकच पत्ता जगात अनेक शहरांतली मशिनं वापरतात आणि तुमच्या जवळचं कोणतंतरी उत्तर देतं. तिथे १५ आला म्हणजे गेमला १५ मिळेल असं नाही.

बोरीवाला_बाप्पू
आमच्या इकडं टावरच नाई राजेहो, तुमी पिंग घेऊन बसले. माह्या पोराले बीजीएमआय खेळाले गच्चीवर जा लागते. त्याले सिंगापूर सर्व्हर कसा लावू ते सांगा.

खांबावरचा_माणूस
बाप्पू, बीजीएमआयमध्ये आपल्याला सर्व्हर निवडायची सोयच नाही, तो भारतापुरताच आहे. पोराचा प्रश्न टॉवरचा आहे, सर्व्हरचा नाही. गच्चीवर जाऊन खेळतो म्हणता, तर तो बरोबरच करतोय.

बोरीवाला_बाप्पू
म्हणजे पोरगं हुशार निंगालं 😄

ताई_नेरपरसोपंत
मी गेम खेळत नाही, ऑनलाइन शिकवणी घेते. पण वर वाचून एक विचारावंसं वाटलं. पंटर, तू मुंबईवर कधी खेळतोस आणि सिंगापूरवर कधी? कारण माझा आवाज संध्याकाळच्या बॅचला तुटतो, सकाळच्या बॅचला अजिबात नाही. ॲप तेच, लॅपटॉप तोच.

पऱ्हाटीतला_पंटर
ताई, मुंबईवर जेवणाआधी, आठ ते दहा. सिंगापूरवर माझा एक मित्र आहे, तो अकरानंतर येतो, तेव्हा आम्ही सिंगापूर निवडतो.

रात्री साडेआठला तिन्ही चालवले. पीसी मागच्या खोलीत आहे, वायफायवर:

राऊटर: Average ९, Maximum २१२, Lost ४
मुंबई: Average ४७, Maximum २६०, Lost १०
सिंगापूर: Average ८६, Maximum २९१, Lost ९

खांबावरचा_माणूस
ताईंनी नेमकं पकडलं. एकाच वेळी मोजल्यावर सिंगापूरही तेवढंच खराब निघालं. पाकिटं दोन्हीकडे सारखीच हरवतायत. तुला जो फरक जाणवत होता तो आठ आणि अकरा वाजण्यातला होता.

आता पहिली ओळ बघ. राऊटर तुझ्याच घरात आहे. तिथे Average ९ आणि Maximum २१२ म्हणजे पाकीट घराबाहेर पडायच्या आधीच लटकतंय. चांगल्या वायफायवर तो आकडा २-३ असतो, केबलवर एकापेक्षा कमी. मधल्या भिंती मातीच्या आहेत का?

पऱ्हाटीतला_पंटर
हो, जुनं घर आहे. राऊटर ओसरीत, मधे दोन भिंती हातभर जाडीच्या.

संत्रानगरी_स्नायपर
5G वाला वायफाय लाव ना मग, 2.4 कशाला वापरतो? ५ गीगाहर्ट्झवर जिटर कमी असतो.

खांबावरचा_माणूस
एकाच खोलीत असेल तर तुमचं खरं आहे. ५ गीगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची गर्दी कमी असते. पण जाड भिंतीतून तो २.४ पेक्षाही लवकर मरतो. मातीच्या दोन भिंतींपलीकडे बहुतेक सिग्नलच पोचणार नाही. पंटर, कॅट ६ ची तयार केबल आण आणि खिडकीतून ओढ. तिथवर सर्व्हरचा विचार बाजूला ठेव. राऊटरची ओळ स्वच्छ झाल्याशिवाय पुढच्या दोन ओळींना अर्थ नाही.

तुमसर_टँक
माझी गोष्ट उलटी आहे म्हणून टाकतो. माझं राऊटरपर्यंत सगळं स्वच्छ, केबलवरच खेळतो. तरी मुंबई ११० आणि सिंगापूर ६५. दिवसरात्र, कधीही मोजा. मी कायमचं सिंगापूर धरलं आणि आरामात खेळलो. म्हणजे कधीकधी सिंगापूर खरोखरच बरं असतं.

खांबावरचा_माणूस
हे होतं. तुम्ही `tracert` करून पाकिटाची वाट पाहिली होती का? नावांसकट, म्हणजे `-d` न लावता?

तुमसर_टँक
केलं होतं. मधल्या नावांत maa आणि मग sin असं दिसत होतं, त्यानंतर bom. मला तेव्हा काही कळलं नाही.

खांबावरचा_माणूस
maa म्हणजे चेन्नई, sin सिंगापूर, bom मुंबई. विमानतळांचे कोड राऊटरच्या नावांत वापरायची पद्धत आहे. तुमचं पाकीट चेन्नईहून समुद्राखालून सिंगापूरला जाऊन परत मुंबईत येत होतं. तुमचा केबलवाला ज्याच्याकडून इंटरनेट घेतो त्याची आणि मुंबईतल्या त्या नेटवर्कची गाठ भारतात पडत नसणार, सिंगापुरात पडत असणार. अशा वेळी सिंगापूर निवडणं शंभर टक्के बरोबर. आणि व्हीपीएन उपयोगी पडतो तो फक्त इथे. मुंबईतला व्हीपीएन सर्व्हर, ज्याच्याकडे तुमची वाट सरळ जाते, तो मिळाला तर ११० चा ४५ होऊ शकतो. पंटरसारख्या केसमध्ये व्हीपीएन काही करणार नाही.

हिशोब साधा आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे अंतराच्या दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. दारव्हा ते मुंबई सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे ५-६ मिलिसेकंद. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही, मधे मशिनं असतात, म्हणून २५ ते ४० येतो. सिंगापूर साडेतीन हजार किलोमीटर, म्हणजे ३५ च्या खाली कधीच येणार नाही, ६० ते ८० दिसणार. विदर्भातून मुंबईला ९०-१०० च्या वर कायम दिसत असेल तर वाट वाकडी आहे असं समजा. फक्त संध्याकाळी दिसत असेल तर गर्दी आहे.

तुमसर_टँक
बरोबर, नंतर केबलवाल्यानं वरचं कनेक्शन बदललं आणि मुंबई आपोआप ३८ वर आलं. आता मुंबईवरच असतो.

पऱ्हाटीतला_पंटर
केबल आणली, ओढली. आईनं खिडकीची चौकट पोखरू दिली नाही म्हणून दाराखालून घेतली आहे 😅 आकडे:

दुपारी तीन वाजता: राऊटर सगळे <1ms, Lost ०. मुंबई Average ३३, Maximum ४१, Lost ०. सिंगापूर Average ७२, Maximum ८०, Lost ०.

रात्री पावणेनऊ: राऊटर तसाच स्वच्छ. मुंबई Average ३७, Maximum ९५, Lost ६. सिंगापूर Average ७६, Maximum १३०, Lost ६.

गेम बराच सुधारला. पण आठ ते दहात अजूनही मधूनच झटका बसतो. tracert पण केलं, पाचव्या ओळीत तिन्ही `*` येतात.

संत्रानगरी_स्नायपर
सापडलं की! पाचव्या हॉपवर पाकिटं मरतायत. केबलवाल्याला स्क्रीनशॉट पाठव.

खांबावरचा_माणूस
थांबा, हा स्क्रीनशॉट पाठवला तर केबलवाला हसेल. सहावी, सातवी आणि शेवटची ओळ येतेय ना? पाचवं मशीन पाकिटं मारत असतं तर पुढच्या ओळी आल्याच नसत्या. ते मशीन दुसऱ्यांची पाकिटं पुढे ढकलतं, फक्त स्वतःला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, किंवा फार थोड्यांना देतं. मोठ्या राऊटरांना तसंच बसवलेलं असतं. नुकसान खरं तेव्हा, जेव्हा ते एका ओळीपासून सुरू होतं आणि खाली शेवटपर्यंत राहतं.

पंटर, tracert मध्ये राऊटरनंतरची दुसरी ओळ कोणती आहे? 10. किंवा 100. नं सुरू होणारा पत्ता असेल. रात्री त्याच वेळी त्याला आणि मुंबईला ३००-३०० पाकिटं पाठव. आणि राऊटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवर दिसते का बघ, Rx Power म्हणून.

ताई_नेरपरसोपंत
मी पण माझ्या घरी केलं. राऊटर स्वच्छ, पण मुलीनं फोनवरून व्हिडिओ पाठवायला घेतला की पिंग ३० वरून १८०-२०० वर जातो आणि व्हिडिओ गेला की लगेच खाली येतो. पाकिटं मात्र हरवत नाहीत. हा माझ्या राऊटरचा दोष का?

खांबावरचा_माणूस
दोष म्हणण्यापेक्षा सवय म्हणा. अपलोडची वाट भरली की राऊटर पाकिटं फेकत नाही, साठवून ठेवतो. तुमच्या आवाजाचं पाकीट त्या व्हिडिओच्या मागे उभं राहतं. उपाय, राऊटरमध्ये बँडविड्थ कंट्रोल किंवा क्यूओएस असेल तर मुलीच्या फोनचा अपलोड निम्म्यावर बांधा. व्हिडिओ थोडा उशिरा जाईल, आवाज तुटणार नाही. केबलवाल्यानं दिलेल्या स्वस्त पेटीत ही सोय बहुतेक नसते. मग शिकवणी संपेपर्यंत फोनचा फोटो-बॅकअप बंद ठेवणं एवढंच हातात राहतं. संध्याकाळी सगळे घरी असतात म्हणून तुम्हाला संध्याकाळीच दिसतं.

पंटर, तूही हे तपास. पिंग चालू ठेव आणि भावाला मोठा व्हिडिओ अपलोड करायला सांग.

बोरीवाला_बाप्पू
एक इचारू? पिंग जास्त असला तरी चालते अन् जिटर नाई चालत, हे काहून?

तुमसर_टँक
बाप्पू, एसटी रोज वीस मिनिटं लेटच येते हे माहीत असलं की आपण त्या हिशोबानं निघतो. एक दिवस वेळेवर, एक दिवस पाऊण तास लेट, असं झालं की निघायचं कधी तेच समजत नाही. गेमचंही तसंच. ७५ कायम असला की गेम तेवढं धरून चालतो, हातालाही सवय होते.

बोरीवाला_बाप्पू
हाव, हे समजलं.

पऱ्हाटीतला_पंटर
रात्री नऊचे आकडे. दुसरी ओळ 10. वाली: Average ६, Maximum ६८, Lost ५. मुंबई त्याच वेळी Lost ६. दुपारी त्याच दुसऱ्या ओळीवर Lost ०, Maximum ९. Rx Power उणे २१ dBm दाखवतो.

भावाच्या अपलोडनं मुंबई पिंग १९० पर्यंत गेला. राऊटरमध्ये बँडविड्थ कंट्रोल आहे, त्याचा फोन १० वर बांधला, आता ४५ च्या वर जात नाही. भाऊ चिडलाय.

खांबावरचा_माणूस
छान, आता चित्र पूर्ण झालं. उणे २१ उत्तम आहे. उणे २७ च्या आसपास गेलं की पेटी धडपडायला लागते, आणि तसं असतं तर पाकिटं दुपारीही हरवली असती. ती फक्त रात्री हरवतात आणि पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे तुझ्या घरापासून केबलवाल्याच्या मशीनपर्यंत किंवा त्या मशीनच्या तोंडाशी गर्दी होते. गावात रात्री सगळे मोबाईल-टीव्ही चालू करतात आणि तेवढ्यांना पुरेल एवढी वाट त्यानं घेतलेली नाही, असा माझा अंदाज.

एक शंका मात्र राहते. ते मशीन स्वतःच उत्तर द्यायला आळस करत असेल तर? म्हणून मुंबईचा आकडा सोबत घ्यायला सांगितला होता. दुसऱ्या ओळीवर ५ आणि शेवटी ६, जवळपास सारखेच. नुकसान तिथूनच सुरू होऊन शेवटपर्यंत जातंय असं धरायला हरकत नाही. अजून दोन-तीन रात्री घेतल्यास आणखी पक्कं होईल.

आता तुझा मूळ प्रश्न. मुंबईची आणि सिंगापूरची वाट कुठेतरी एकमेकींपासून फुटते. दोष फुटीच्या अलीकडे असेल तर सर्व्हर बदलून काहीच होत नाही, दोन्हीकडे तो सोबत येतो. तुझा दोष अलीकडे आहे, म्हणून मुंबईच घे, ३७ आणि ७६ मधला फरक तरी पदरात पडेल. टँकचा दोष फुटीच्या पलीकडे होता, म्हणून त्यांना सिंगापूर फळलं.

संत्रानगरी_स्नायपर
पण ३०० मध्ये ६ म्हणजे २ टक्केच. एवढ्यानं काय होतं? मी ३ टक्क्यांवर रँक वर नेली आहे.

खांबावरचा_माणूस
सुटी सुटी हरवली तर फार जाणवत नाहीत, गेम झाकून घेतो. सहाच्या सहा लागोपाठ गेली तर मात्र तो कित्येक सेकंदांचा खड्डा आहे, मेलातच. टक्का तोच असतो. म्हणून शेवटची ओळ बघून थांबू नका, वर सरकून `Request timed out` कुठे कुठे आहे ते बघा. शिवाय व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशोब करतो आणि आपण सेकंदाला एक पाकीट पाठवून मोजतोय. अर्ध्या सेकंदाचा झटका आपल्या मोजणीतून सहज निसटतो. शेवटचा शब्द गेममधल्या ग्राफचाच.

पऱ्हाटीतला_पंटर
वर सरकून पाहिलं. चार लागोपाठ, दोन सुटी.

केबलवाल्याकडे गेलो. म्हणाला, "स्पीड तर पूर्ण येतोय, अजून काय पाहिजे?" आकडे दाखवले तर म्हणतो दिवाळीनंतर वरचं कनेक्शन वाढवणार. तोपर्यंत आठ ते दहा मोबाईलचं हॉटस्पॉट लावून खेळावं का? टॉवर गावातच आहे.

खांबावरचा_माणूस
तो खोटं बोलत नाही. स्पीड टेस्ट एकदम अनेक जोडण्या उघडते आणि हरवलेली पाकिटं पुन्हा मागवते, म्हणून २ टक्के नुकसानीतही आकडा चांगला येतो. गेमला ती सवड नसते.

हॉटस्पॉटचं मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. फोन ब्लूटूथ-वायफायनं न जोडता यूएसबी केबलनं टेदर कर, म्हणजे वायफायचा भाग निघून जातो. मोबाईलवर जिटर फायबरपेक्षा जास्तच असतो, आणि रात्री नऊला टॉवरवरही तीच गर्दी. तीच पाच मिनिटं, तेच दोन पत्ते, इथे टाक.

पऱ्हाटीतला_पंटर
टेदर करून, नऊ वाजता: मुंबई Average ५८, Maximum १४०, Lost ०. सिंगापूर Average ९९, Maximum १८८, Lost १.

आता सांगा, ३७ आणि चार लागोपाठ हरवलेली, की ५८ पण वरखाली होणारा?

तुमसर_टँक
मी ५८ घेईन. झटक्यानं मरण्यापेक्षा बरं.

संत्रानगरी_स्नायपर
मी ३७. डेटा पॅक कोण संपवणार.

खांबावरचा_माणूस
रँक्ड असेल तर मीही ५८ कडे झुकेन, पण ठाम नाही. त्या ५८ मध्ये १०० च्या वर किती वेळा गेलं ते मोजून बघ. तीनशेत पाच-सात वेळा असेल तर खेळ, तीस-चाळीस वेळा असेल तर फायबरच बरं. आणि खेळताना फोन चार्जिंगला लावून ठेव, तापला की तो स्वतःच मंदावतो.

ताई_नेरपरसोपंत
विषय थोडा वेगळा, पण लाईट गेल्यावर राऊटर इन्व्हर्टरवर चालू असतो तरी नेट जातं, ते का?

खांबावरचा_माणूस
कारण केबलवाल्याच्या मशीनची बॅटरी तुमच्या इन्व्हर्टरआधी संपते. राऊटरवर PON दिवा हिरवा असेल आणि LOS लाल नसेल तर तार शाबूत आहे. LOS लाल झाला तर तार तुटली असेल किंवा त्याचं मशीन बंद पडलं असेल. लाईट गेल्यावर दर वेळी अर्ध्या-पाऊण तासानं लाल होत असेल तर बॅटरीच, त्याला तसं सांगा.

पऱ्हाटीतला_पंटर
मोजलं. १०० च्या वर अकरा वेळा. तुमच्या दोन्ही आकड्यांच्या मधे आलं 😑

खांबावरचा_माणूस
मग आज एक मॅच यावर, एक त्यावर. ग्राफ चालू ठेव.